पान 14 ते 27: अडकलेल्या अंतिम देयकाचे एक प्रकरण

नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळीच्या आठवडाभर आधी, नाना माझ्याकडे आले. प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते: कार्यारंभ आदेश, काम सुरू असताना निघालेल्या दोन चालू देयकांच्या प्रती आणि बांधकाम खात्याला पाठवलेल्या तीन पत्रांच्या पोचा. नाना नाशिकमधले छोटे कंत्राटदार. जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात, त्यांनी 1,800 मीटरचा एक गावरस्ता सुधारून दिला होता, मोरीसह. काम 25 मे 2021 ला संपले. अडीच वर्षे झाली तरी अंतिम देयक निघाले नव्हते. मी कंत्राटदारांची देयके आणि पत्रव्यवहार पाहतो, म्हणून त्यांना कोणीतरी माझ्याकडे पाठवले होते. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत, कार्यालयाचे नावही देत नाही.

"भाऊसाहेब, निधीच नाही म्हणतात. दर वेळी तेच," नाना म्हणाले.

मी आधी त्यांची तिन्ही पत्रे वाचली. तिन्हींत मजकूर जवळपास एकच होता. काम मुदतीत आणि चांगल्या दर्जाचे केले आहे, बँकेचे हप्ते थकले आहेत, डांबरवाल्याचे आणि मजुरांचे पैसे द्यायचे आहेत, तरी 23,60,000 रुपये लवकरात लवकर मिळावेत ही नम्र विनंती. शब्द खरे होते. पण त्या पत्रावर कार्यालयातला कारकून करणार काय? कामाची मोजमापे ज्यात नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक त्यात नाही, पान नाही, देयक कधी सादर केले ती तारीख नाही. असे पत्र आवक होते, फाइलला लागते आणि तिथेच राहते. ते नाकारायलाही कोणाला लेखणी उचलावी लागत नाही.

शिवाय 23,60,000 हा आकडाच चुकीचा होता, आणि त्याने नानांचे जास्त नुकसान केले होते. आम्ही दोघांनी बसून तो सोडवला. अंतिम देयकाप्रमाणे एकूण कामाची किंमत 47,38,000 रुपये. चालू देयके नेहमी सुरुवातीपासूनच्या एकूण कामाची असतात आणि त्यातून आधी दिलेली रक्कम वजा होते. दुसऱ्या चालू देयकापर्यंत 29,15,000 रुपयांचे काम देयकात येऊन गेले होते. म्हणजे शिल्लक 18,23,000. त्यावर नानांनी 12 टक्क्यांनी जीएसटीचे 2,18,760 मिळवले, देयकातून कापून ठेवली जाणारी संपूर्ण कामावरची 5 टक्के सुरक्षा अनामत म्हणून 2,36,900 मिळवले आणि अंदाजे व्याज धरून आकडा गोल केला. जीएसटी या करारात वेगळा मिळणार होता, ते ठीक. पण न निघालेल्या देयकातून अनामत कापली गेलेलीच नव्हती. तिचे 91,150 रुपये नानांनी दोनदा मागितले होते, एकदा 18,23,000 मध्ये आणि पुन्हा अनामतीत. खरोखर कापलेली 1,45,750 रुपयांची अनामतही तेव्हा मागता येत नव्हती, कारण दोष निघाले तर कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा तीन वर्षांचा दोषदायित्व कालावधी मे 2024 मध्ये संपणार होता. लेखा शाखेला असे पत्र मिळाले की एक चूक दाखवून सगळी मागणी परत पाठवता येते.

तरीही मी लगेच नवे पत्र लिहिले नाही. देयक नेमके कुठे थांबले आहे हे कळल्याशिवाय पत्र कोणाला आणि काय म्हणून लिहायचे? "निधी नाही" हे उत्तर दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत मिळते. एका परिस्थितीत देयक तयार होऊन विभागात तपासून झालेले असते आणि फक्त अनुदानाची वाट असते. दुसरीत देयक उपविभागातून वर गेलेलेच नसते, पण खिडकीवर उत्तर तेच मिळते. पहिल्यात निधीचा पाठपुरावा करायचा, दुसऱ्यात निधी आला तरी आपल्याला काही मिळत नाही. हा फरक मोजमाप पुस्तिका उघडल्यावर कळतो. म्हणून 6 नोव्हेंबर 2023 ला माहिती अधिकारात अर्ज दिला आणि त्यात प्रतींबरोबर अभिलेखाचे प्रत्यक्ष निरीक्षणही मागितले. नुसत्या छायाप्रतीत लाल शाई आणि काळी शाई सारखीच दिसते, म्हणून निरीक्षणाचा आग्रह.

4 डिसेंबरला उपविभागात पुस्तिका समोर आली. जाड पुठ्ठ्याची, छापील पानक्रमांकांची. सुरुवातीच्या पानांवर मातीकाम, खडीकरण, मोरी. त्या प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल शाईची तिरकी रेघ होती, आणि गोषवाऱ्याखाली लाल शाईतच प्रमाणकाचा, म्हणजे व्हाउचरचा, क्रमांक आणि तारीख. देयक तयार झाले की मोजमापाच्या पानांवर अशी रेघ मारतात आणि पैसे दिले की प्रमाणकाची नोंद करतात, म्हणजे त्याच मोजमापावर दुसऱ्यांदा देयक निघू नये. पान 14 पासून रेघ थांबली होती.

पान 14 ते 22 वर 27 आणि 28 मे 2021 ची डांबरीकरणाची मोजमापे होती. लांबी 1,800.00, रुंदी 3.75, क्षेत्रफळ 6,750.00 चौरस मीटर. त्यावर 20 मिमी कार्पेट आणि सीलकोट. शाखा अभियंत्याची सही, नानांची सही, आणि पान 22 च्या तळाशी उपअभियंत्यांची तपासणीची सही, तारीख 9 जून 2021. पान 23 ते 25 वर 3 जूनची मोजमापे, बाजूपट्ट्यांचा मुरूम आणि किलोमीटरचे दगड. पान 26 आणि 27 वर त्याच तारखेला मोरीच्या खालच्या बाजूचे दगडी पिचिंग, म्हणजे धूप थांबवायला रचलेले दगड. या पाच पानांवर शाखा अभियंत्याची आणि नानांची सही होती, तपासणीची जागा कोरी होती. नंतर समजले की त्याच महिन्यात उपअभियंत्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी आपण न पाहिलेल्या कामावर सही केली नाही, आणि मी त्यांना त्यासाठी दोष देणार नाही.

म्हणजे नानांनी 21 जून 2021 ला सादर केलेले अंतिम देयक उपविभागाच्या आवक नोंदवहीत होते, पण त्यावरून खात्याच्या नमुन्यातले देयक कधी तयारच झाले नव्हते. विभागाच्या देयक नोंदवहीत त्याची ओळही नव्हती. अडीच वर्षे नाना ज्या निधीची वाट पाहत होते, तो आला असता तरी त्यांच्या नावावर देण्यासारखे कागदावर काही नव्हते. हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला एकदा तरी कोणी सांगायचं ना."

आता मुदतीचा प्रश्न. करारात पैसे देण्याचा ठरावीक दिवस नसेल, तर केलेल्या कामाच्या किमतीसाठी लिमिटेशन अ‍ॅक्ट, 1963 च्या अनुच्छेद 18 प्रमाणे काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. कोविडकाळातले जे दिवस सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळले ते धरले नाहीत, तर इथे ती तारीख 25 मे 2024. मी ते धरून चाललो नाही. पुष्कळ कंत्राटदारांना वाटते की पत्रे पाठवत राहिले की मुदत वाढते. तसे नाही. आपण कितीही पत्रे लिहिली तरी घड्याळ चालूच राहते. मुदत नव्याने सुरू होते ती समोरच्याने मुदतीच्या आत सही करून देणे लेखी कबूल केले तर, कलम 18 प्रमाणे, किंवा त्या देण्यापोटी काही रक्कम दिली आणि त्याची लेखी नोंद असली तर, कलम 19 प्रमाणे. नानांकडे साडेपाच महिने उरले होते. त्यामुळे पत्राची कामे दोन ठरली: देयक हलवणे, आणि कार्यालयाकडून सहीचे उत्तर मिळवणे.

11 डिसेंबर 2023 चे पत्र हे असे. क्रमांक बदलले आहेत, बाकी मजकूर तोच.

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
सार्वजनिक बांधकाम विभाग

विषय: पूर्ण झालेल्या रस्ता सुधारणा कामाच्या थकीत देयकाबाबत. बी-1 करार क्र. 37, सन 2020-21.

संदर्भ: 1) कार्यारंभ आदेश दि. 7/12/2020. 2) आमचे अंतिम देयक, उपविभाग आवक क्र. 618, दि. 21/6/2021. 3) अभिलेख निरीक्षण दि. 4/12/2023.

महोदय,

वरील काम दि. 25/5/2021 रोजी, म्हणजे करारातील मुदतीत, पूर्ण झाले आहे. अंतिम देयकाप्रमाणे कामाची एकूण किंमत रु. 47,38,000 असून त्यापैकी दुसऱ्या चालू देयकापर्यंत रु. 29,15,000 इतक्या कामाचे प्रदान झाले आहे. शिल्लक रु. 18,23,000, अधिक करारानुसार जीएसटी, यांचे तपशील आपल्या अभिलेखाप्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत.

अ) डांबरीकरण, रु. 13,41,000. मोजमाप पुस्तिका क्र. 412, पृष्ठ 14 ते 22, मोजमाप दि. 27 व 28/5/2021, उपअभियंता यांची तपासणी दि. 9/6/2021. ही मोजमापे नोंदवून व तपासून पूर्ण आहेत. त्यावर अद्याप देयक तयार झालेले नाही.

ब) बाजूपट्ट्यांचा मुरूम व किलोमीटर दगड, रु. 2,12,000. पृष्ठ 23 ते 25, मोजमाप दि. 3/6/2021. तपासणी प्रलंबित आहे. त्यासाठी संयुक्त पाहणीची तारीख कळवावी, आम्ही हजर राहू.

क) मोरीलगतचे दगडी पिचिंग, रु. 2,70,000. पृष्ठ 26 व 27, मोजमाप दि. 3/6/2021. हे काम कार्यस्थळ आदेश वहीतील दि. 2/4/2021 च्या शाखा अभियंता यांच्या लेखी सूचनेनुसार केले आहे. ही जादा बाब असून तिचा दर मंजूर होणे बाकी आहे. दर मंजुरीचा प्रस्ताव सक्षम अधिकाऱ्यांकडे पाठवावा.

ब व क यांचा निर्णय होईपर्यंत अ ची रक्कम अडवून ठेवण्याचे कारण नाही. तरी अ साठी तिसरे चालू देयक तयार करून प्रदान करावे आणि अंतिम देयक ब व क च्या निर्णयानंतर करावे. सुरक्षा अनामत या मागणीत धरलेली नाही, दोषदायित्व कालावधी संपल्यावर ती स्वतंत्रपणे मागू.

वरील रकमांवर या पत्राच्या दिनांकापासून प्रदानाच्या दिनांकापर्यंत इंटरेस्ट अ‍ॅक्ट, 1978 च्या कलम 3 प्रमाणे व्याजाची मागणी करीत आहोत.

अ, ब व क यांपैकी कोणती रक्कम मान्य आहे व कोणती नाही, हे कारणांसह लेखी कळवावे. मोजमापाच्या पृष्ठांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू, आणि खाली नानांची सही. एक प्रत उपअभियंत्यांना, एक अधीक्षक अभियंत्यांना. तिन्ही कार्यालयांची पोच घेतली, शिक्का आणि आवक क्रमांक दोन्ही दिसतील अशी.

या पत्रातल्या काही वाक्यांवरून नाना माझ्याशी वाद घालत होते. बँकेचा हप्ता आणि मजुरांचे पैसे का काढून टाकले, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांवर कार्यालयाला काही नोंदवता येत नाही. पान 14 ते 22 मात्र लेखा शाखेला उघडून पाहावेच लागते. दुसरा प्रश्न असा की ब आणि क मध्ये कच्चे दुवे आहेत हे आपणच का सांगायचे? कारण ते त्यांना आधीच ठाऊक होते, आणि एक कच्ची बाब पक्क्या 13,41,000 ला धरून खाली ओढत होती. तिन्ही एका अंतिम देयकात असली की तिन्ही थांबतात. त्यांना वेगळे करून पक्क्या भागाचे चालू देयक मागणे, हाच या पत्राचा गाभा होता.

व्याजाच्या वाक्याबद्दलही सांगायला हवे. करारात व्याजाची तरतूद नसेल आणि लेखी मागणीही केलेली नसेल, तर मागच्या काळाचे व्याज मागायला पाय राहत नाही. लेखी मागणीत व्याज मागितल्याचे लिहिलेले असले तर त्या तारखेपासून ते मागता येते. 2022 च्या पहिल्या पत्रात हे एक वाक्य असते तर जवळजवळ दोन वर्षांचा फरक पडला असता. अर्थात करारात व्याज न देण्याची स्पष्ट अट असेल तर हा मार्ग अडतो, म्हणून करार आधी वाचावा. लघुउद्योगांच्या कायद्यातील 45 दिवसांची मुदत आणि चक्रवाढ व्याज यांचा आधार घ्यावा असे नानांना कोणीतरी सुचवले होते. तो मी घेतला नाही. बांधकामाचे कंत्राट त्या कायद्यात बसत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, आणि वादाचा मुद्दा पत्रात घातला की उत्तर फक्त त्याच मुद्द्याला येते.

19 जानेवारी 2024 ला कार्यकारी अभियंत्यांच्या सहीचे उत्तर आले. अ ची रक्कम ग्राह्य आहे, देयक सादर करण्याच्या सूचना उपविभागास दिल्या आहेत, निधी उपलब्धतेनुसार प्रदान होईल. ब साठी 31 जानेवारीला संयुक्त पाहणी. क बाबत तपासून कळवू. नानांना हे उत्तर नेहमीसारखेच वाटले, कारण त्यात निधी हा शब्द होता. मी त्यांना पहिले वाक्य पुन्हा वाचून दाखवले. "रक्कम ग्राह्य आहे" आणि खाली सही. 13,41,000 पुरती तीन वर्षे त्या दिवसापासून पुन्हा मोजायची.

31 जानेवारीच्या पाहणीला मीही गेलो. डांबर टिकून होते, किलोमीटरचे दगड जागेवर होते. पण बाजूपट्ट्यांचा मुरूम मागच्या पावसाळ्यांनी नेलेला होता, उताराकडच्या बाजूला तर पूर्ण. त्या पट्ट्यातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. शाखा अभियंत्याची 2021 ची मोजमापे खरी होती, पण तपासणाऱ्या अधिकाऱ्याला आज जे दिसत नाही त्यावर सही कशी करता येईल? वाटाघाटीनंतर 2,12,000 पैकी 1,34,000 मान्य झाले. उरलेले 78,000 गेले. धुपून किंवा झाकून जाणाऱ्या बाबींची तपासणी त्याच आठवड्यात करून घेतली नाही तर ती नंतर होत नाही. पायाची खोदाई, मुरूम, काँक्रीटखालचे थर, सगळे याच जातीचे. 3 जून 2021 नंतर आठ-दहा दिवसांत नानांनी "तपासणी करून घ्यावी" अशी एक ओळ आवक केली असती तर, उपअभियंत्यांची बदली झाली तरी, विलंब कोणाचा हे कागदावर राहिले असते.

मान्य 1,34,000 च्या कागदावर सही करताना नानांनी हाताने लिहिले, "क बाबीची मागणी राखून." अंतिम देयकाच्या नमुन्यात यापुढे काही मागणी नाही अशा अर्थाचे छापील वाक्य असते, आणि पैशाच्या घाईत कंत्राटदार त्याखाली सही करून टाकतो. पिचिंगचे 2,70,000 त्या एका सहीने गेले असते.

28 मार्च 2024 ला, वर्षअखेरीच्या गर्दीत, तिसऱ्या चालू देयकाचे पैसे जमा झाले. नियमाप्रमाणे कपात झाली, अनामतही कापली गेली. ब साठी अजून थांबायचे होते.

पिचिंगचे मात्र वेगळे होते. 19 जानेवारीच्या उत्तरात क ची कबुली नव्हती, आणि मार्चमधले पैसे अ पोटी होते. त्यामुळे क साठी 25 मे 2024 ही तारीख तशीच उभी होती. करारातल्या वादाच्या अटीप्रमाणे अधीक्षक अभियंत्यांकडे 5 फेब्रुवारीला लेखी प्रकरण दिले होते, त्यावर काही आले नव्हते. 15 एप्रिलला वकिलांमार्फत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस दिली. शासनावर दावा करण्याआधी दोन महिन्यांची ही नोटीस लागते, आणि ती राज्य शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. निव्वळ कार्यकारी अभियंत्यांना पाठवलेली नोटीस पुरत नाही. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, म्हणून तिचे दोन महिने 25 मेच्या पुढे गेले तरी चालणार होते. तरी मी नानांना कागदांची तयारी 25 मेच्या हिशोबानेच ठेवायला लावली.

दावा करावा लागला नाही. 17 मे 2024 च्या पत्राने जादा बाबीचा दर मंजूर झाला, दरसूचीनुसार, 2,18,000 रुपयांना. कार्यस्थळ आदेश वहीतली ती एक ओळ, "मोरीच्या खालच्या बाजूस दगडी पिचिंग करून घ्यावे", आणि त्याखालची सही, याशिवाय दुसरा कोणताही आधार या मंजुरीला नव्हता. तोंडी सांगितलेले काम असते तर मला हे प्रकरण हातात घ्यायला जमले नसते.

मी ही हकीकत लिहीपर्यंत ब आणि क चे मिळून 3,52,000 रुपये नानांना मिळालेले नाहीत. अंतिम देयक विभागाच्या नोंदवहीत चढले आहे, त्याचा क्रमांक आणि तारीख नानांच्या खिशातल्या वहीत आहे. पान 23 ते 27 वर आता लाल रेघ आहे, ती त्यांनी स्वतः जाऊन पाहिली. खिडकीवर त्यांना पुन्हा सांगितले गेले की निधी नाही. या वेळी ते खरे आहे.